उलट्या फिरकीचा छर्रा

चिबा प्रांतातल्या सर्व्हायवल गेमच्या मैदानावर रविवारी सकाळी पहिली गर्दी होते ती चाचणीच्या पट्ट्यावर. समोर दहा-दहा मीटरच्या अंतराने लोखंडी ताटल्या टांगलेल्या असतात, शेवटची पन्नास मीटरवर. जो तो आपली खेळण्यातली बंदूक खांद्याला लावतो, दोन-चार छर्रे सोडतो, बंदुकीच्या पोटात बोट घालून काहीतरी फिरवतो आणि पुन्हा सोडतो. ताटलीचा ‘टण्ण’ आवाज आला की समाधानाने बाजूला होतो.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला माझ्या बंदुकीतून एकही ‘टण्ण’ येईना. छर्रे वीस-पंचवीस मीटर सरळ जात आणि मग कुणी खालून टिचकी मारल्यासारखे वर उसळून झाडांच्या शेंड्यांकडे निघून जात. महिन्यापूर्वी हीच बंदूक चाळीस मीटरवरची ताटली सहज वाजवत होती. एदोगावात आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं जवळजवळ राहतो. त्यातलाच एक जुना खेळाडू शेजारी उभा होता. त्याने माझ्या छर्र्यांची पिशवी हातात घेतली आणि हसला. “अरे, पॉइंट टू-झिरो आणलेस. हॉप पॉइंट टू-फाइव्हचा लावलेला आहे ना तुझा!”

पाच शतांश ग्रॅमचा फरक. साखरेचे काही दाणे. तेवढ्याने छर्रा झाडावर का जावा, हे समजून घेताना एअरसॉफ्टमधली सगळ्यात हुशार युक्ती कळते.

एअरसॉफ्ट हा मूळचा जपानी खेळ. सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणं इथे जवळजवळ अशक्य, म्हणून खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण सहा मिलिमीटरचा प्लास्टिकचा गोल छर्रा फेकणाऱ्या खेळण्यांचा हा छंद वाढला. आतमध्ये दारू नाही की काडतूस नाही. बहुतेक बंदुकांत बॅटरीवरची मोटर एक स्प्रिंग मागे खेचते, स्प्रिंग सुटली की पिस्टन हवा ढकलतो आणि त्या हवेवर छर्रा नळीतून बाहेर पडतो. खेळाडू छर्र्याला ‘बीबी’ म्हणतात. औरंगाबादच्या मकबऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, पण आमच्या टोळीत हा विनोद दर रविवारी होतोच.

जपानी कायद्याने २००६ मध्ये या खेळण्यांच्या ताकदीला मर्यादा घातली. सहा मिलिमीटरच्या छर्र्याला ती साधारण ०.९८ ज्यूल पडते. म्हणजे ०.२० ग्रॅमचा छर्रा नळीतून बाहेर पडताना सेकंदाला ९९ मीटरच्या आतच हवा. ऐकायला हा वेग भरपूर वाटतो, पण छर्रा हलका आहे आणि हवा त्याला सोडत नाही. मी एकदा कागदावर हिशेब केला. नळीतून निघाल्या क्षणी हवेचा रोध छर्र्याच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ चाळीसपट भरतो. अठराएक मीटर जाईपर्यंत वेग निम्मा झालेला असतो. खांद्याच्या उंचीवरून आडवा सोडलेला छर्रा, बाकी काही न करता, तीस-पस्तीस मीटरवर जमिनीला लागतो.

मग नळी थोडी वर करून का मारू नये? मारता येतं, पण पन्नास मीटरवर पोचायला छर्र्याला सव्वा सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तो नेमाच्या रेषेखाली पाच मीटरहून अधिक घसरतो. समोरच्याला लागायचा तर त्याच्या डोक्यावरच्या फांदीवर नेम धरावा लागेल, आणि तो चार पावलं पुढे आला की सगळा अंदाज चुकणार. ताकद वाढवायची तर कायदा आडवा येतो. राहतो एकच मार्ग. छर्र्याने स्वतःचं वजन स्वतःच उचलून धरायचं.

हे उचलणं म्हणजे हॉप-अप. त्याचं मूळ तत्त्व क्रिकेट पाहणाऱ्या कुणालाही अनोळखी नाही. लेगस्पिनरने चेंडूला पुढे पडणारी फिरकी दिली की तो हवेतच लवकर खाली बसतो. फ्लिपरला उलटी फिरकी असते, म्हणून तो फलंदाजाच्या अंदाजापेक्षा थोडा लांब तरंगत येतो. टेबल टेनिसमध्ये चॉप मारलेला चेंडू जाळीवरून कसा आळसावल्यासारखा येतो, ते आठवा. चेंडू उलटा फिरतो तेव्हा त्याचा वरचा भाग मागे, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्याच दिशेने सरकत असतो. तिथली हवा पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहते आणि चेंडूमागे थोडी खाली वळून सुटते. चेंडू हवेला खाली ढकलतो, हवा चेंडूला वर ढकलते. बर्लिनच्या गुस्टाव्ह मॅग्नसने १८५२ मध्ये याचा प्रयोगांनी अभ्यास केला, म्हणून या परिणामाला त्याचं नाव मिळालं. टेनिसचा चेंडू वळतो हे मात्र न्यूटनने १६७२ मध्येच लिहून ठेवलं होतं.

मला यातला आवडता माणूस वेगळाच आहे. एडिनबराचा भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट गोल्फचा वेडा होता. टोलवलेला चेंडू साध्या गणितात बसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ हवेत कसा राहतो, हे त्याला उलगडेना. शेवटी उत्तर सापडलं ते उलट्या फिरकीत. चेंडू किती फिरतो ते मोजायला त्याने चेंडूला फीत बांधली आणि फिती पडलेले पीळ मोजले. हॉप-अप म्हणजे टेटचा गोल्फचा चेंडू वाटाण्याएवढा करून नळीत घातलेला.

आता ही फिरकी द्यायची कुणी? चिबातल्या त्या पट्ट्यावर सगळे जिथे बोट घालत होते तिथे बघू. छर्रा नळीत शिरतो त्या तोंडाशी नळीवर रबराचं छोटं मोजं चढवलेलं असतं. खेळाडू त्याला बकिंग म्हणतात. नळीला तिथे वरच्या बाजूने एक छोटी खिडकी कापलेली असते. रबरावर वरून एक बारीक उशी टेकते, आणि उशीला दाबणारी एक दांडी चकतीला जोडलेली असते. चकती फिरवली की उशी खाली येते आणि खिडकीतून रबराचा फुगवटा नळीच्या छताला उतरतो. हवेने ढकललेला छर्रा त्याखालून सटकताना त्याचं डोकं रबराला घासतं. डोकं अडतं, पाय पुढे जातात, आणि छर्रा उलटा फिरतच बाहेर पडतो. एवढंच.

एम-फोरच्या धर्तीच्या इलेक्ट्रिक बंदुकीत वरचा खटका मागे ओढला की बाजूचं झाकण उघडतं आणि आत ही चकती दिसते. ती कट् कट् असे छोटे खटके घेत फिरते. पिस्तुलात ती बहुधा वरच्या सरकत्या भागाखाली दडलेली असते. काही चकत्यांवर आकडे छापलेले असतात, पण त्यांवर विसंबू नये. दोन एकसारख्या बंदुकांत एकाच आकड्यावर रबर सारखंच दबेल असं नसतं, आणि त्याच बंदुकीत नवं रबर घातलं तरी आकडा बदलतो.

माझ्या त्या सकाळच्या फजितीकडे परत येतो. फिरकीचा छर्रा चांगला उडतो तो तराजूसारखा. एका पारड्यात छर्र्याचं वजन, दुसऱ्यात हवेची उचल. उचल दोन गोष्टींवर ठरते, फिरकी किती आणि पुढचा वेग किती. हवेत फिरकी हळू कमी होते, पण वेग भराभर कमी होतो, म्हणून उचलही वाटेत घटत जाते. याचा अर्थ असा की पूर्ण वाटेवर पारडी समान ठेवता येतच नाहीत. चांगल्या हॉपमध्ये सुरुवातीला उचल वजनाहून किंचित जास्त असते, छर्रा जाता जाता वीतभर, फार तर हातभर चढतो, मग पारडी जुळतात आणि तो बराच वेळ सपाट जातो, आणि अखेरीस वेग संपत आला की नाक खाली करून पडतो.

मी महिन्यापूर्वी चकती लावली होती ०.२५ ग्रॅमच्या छर्र्यासाठी. आता नळीत ०.२० चा गेला. वजनाचं पारडं एका झटक्यात पाचव्या भागाने हलकं झालं. शिवाय स्प्रिंगची ताकद तीच, म्हणून हलका छर्रा जास्त वेगाने निघाला. एका ज्यूलच्या हिशेबाने ०.२५ चा सेकंदाला साधारण ८९ मीटरने निघतो, तर ०.२० चा १०० मीटरने. वेग वाढला म्हणजे उचलही वाढली. एक पारडं हलकं, दुसरं जड. छर्रा झाडावर जाणारच.

याच्या उलटही तितकंच खरं. त्याच चकतीवर ०.२८ चा छर्रा घातला तर वजन वाढतं, वेग घटतो आणि छर्रा पस्तीस मीटरच्या आधीच गवतात शिरतो. म्हणून जड छर्र्याला जास्त हॉप लागतो. नवखे खेळाडू चकतीला ताकदीचं बटण समजतात आणि लांब जायचं म्हणून ती शेवटपर्यंत आवळतात. रबर फार खाली आलं की छर्र्याचा वेगच मरतो, आणि त्याहून आवळलं तर छर्रा आत अडकतो.

तरी लोक जड छर्रे का वापरतात? कारण सुरुवातीला हळू असला तरी जड छर्रा वेग टिकवतो. माझ्या हिशेबात ०.२० आणि ०.२५ हे दोघे पंधराएक मीटरवर एकाच वेगाला येतात आणि तिथून पुढे जड छर्रा वेगात सरस राहतो. पंचवीस मीटरच्या सुमारास तो हलक्याला गाठतो. पन्नास मीटर गाठायला त्याला १.३ सेकंद लागतात, हलक्याला दीड. जडाला वाराही कमी उडवतो. अर्थात हे सगळं फिरकीने त्याला उचलून धरलं तरच. इथल्या इलेक्ट्रिक बंदुकांना ०.२५ चांगला मानवतो. ०.२० मला घरातल्या कागदी लक्ष्यापुरताच बरा वाटतो. मोकळ्या मैदानांवर बहुधा मातीत विरघळणारे ‘बायो’ छर्रेच चालतात. ते ओलाव्यात ठेवले की फुगतात, तेव्हा जुनी उघडी पिशवी वापरू नये.

त्या दिवशी शेजाऱ्याने मला लावायची रीत दाखवली. ती मी अजूनही जशीच्या तशी पाळतो. आधी डोळ्यांवर चष्मा, चारही बाजूंनी बंद असलेला. चाचणीच्या पट्ट्यावरही, कारण ताटलीवरून उडालेला छर्रा उलटा येतो. मग चकती पूर्ण सैल करायची आणि त्या दिवशी जो छर्रा खेळायचा तोच भरायचा. बंदूक खांद्याला लावून अगदी सरळ उभी धरायची. ती उजवीकडे कलली तर फिरकीचा आसही कलतो आणि उचल छर्र्याला वर नेण्याऐवजी उजवीकडे नेते. नेम आपल्याच उंचीवर, वर-खाली नाही. वारा थांबला की एक-एक छर्रा सोडायचा.

सैल चकतीवर तो तीसच्या आसपास पडतो. मग दोन खटके आवळायचे, तीन-चार छर्रे सोडायचे आणि पुन्हा पाहायचं. पहिल्या छर्र्यावरून निर्णय घेऊ नये, कारण चकती हलवल्यावर रबर बसायला काही छर्रे जातात. हळूहळू वाट लांब आणि सपाट होत जाते. एका खटक्यावर छर्रा शेवटच्या टप्प्यात स्पष्ट वर उसळताना दिसतो. तिथे थांबून एक-दोन खटके मागे यायचं. पांढरा छर्रा मागून, झाडांच्या काळपट पार्श्वभूमीवर छान दिसतो. शेजारी कुणाला उभं करून पाहायला सांगितलं तर आणखी बरं, कारण नेम धरणाऱ्याला शेवटचा टप्पा नीट दिसत नाही. शेवटी दहा छर्रे सलग सोडायचे. दहापैकी आठ-नऊ एकाच वाटेने गेले तर बसलं.

मी त्या सकाळी ०.२० चे उरलेले छर्रे पिशवीत बांधले, मैदानाच्या दुकानातून ०.२५ ची पिशवी घेतली आणि चकतीला हात न लावता मारलं. चाळीसची ताटली दुसऱ्याच छर्र्याला वाजली. बिघडलेलं काहीच नव्हतं.

खरोखर बिघडतं तेव्हा लक्षण वेगळं दिसतं. बंदूक सरळ धरूनही सगळे छर्रे एकाच बाजूला वळत असतील तर दोष वाऱ्याचा नाही. आतलं रबर तिरकं बसलं आहे किंवा उशी एका बाजूला दाबते आहे. नळी बाहेर काढून तोंडाशी उजेड धरला की रबराचा फुगवटा दिसतो, तो सरळ मध्यभागी हवा. एक छर्रा वर, एक खाली, एक डावीकडे असं होत असेल तर बहुतेक वेळा नळीत घाण असते, नाहीतर छर्रे स्वस्तातले, आत हवेचे बुडबुडे असलेले असतात. चांगला छर्रा हाताला गुळगुळीत लागतो आणि त्यावर जोडाची रेघ नसते.

माझी दुसरी फजिती या रबराचीच. बंदूक नीट चालावी म्हणून मी घरी नळीत सिलिकॉन तेलाचा फवारा भरपूर मारला. दुसऱ्या दिवशी मैदानावर छर्रे पंचवीस मीटरवर जीव सोडत होते. चकती कितीही आवळली तरी फरक पडेना. रबरावर तेल चढलं की घर्षण संपतं, आणि घर्षण संपलं की फिरकी कुठून येणार? बंदुकीबरोबर एक सडपातळ काडी मिळते. तिच्या टोकाला कापडाची पट्टी गुंडाळून नळी चार-पाच वेळा पुसली आणि शंभरेक छर्रे वाया घालवले, तेव्हा कुठे हॉप परत आला. तेव्हापासून तेलाची बाटली फक्त गिअरबॉक्सच्या कामाला बाहेर निघते, तीही गॅरेजवाल्या मित्राच्या देखरेखीखाली.

थंडीतही हाच प्रकार, जरा सौम्यपणे. रबर कडक होतं, पकड कमी होते आणि ऑगस्टमध्ये बरोबर असलेली चकती जानेवारीत कमी पडते. गॅसवर चालणाऱ्या पिस्तुलांची गोष्ट आणखी निराळी. थंडीत गॅसचा दाबच उतरतो, म्हणून तिथे हॉपशी झगडण्याआधी पिस्तूल उबदार ठेवावं लागतं. आणि गॅसमध्ये एक गोम आहे. जड छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, त्याला गॅसचा जोर जास्त वेळ मिळतो, आणि तो हलक्या छर्र्यापेक्षा जास्त ऊर्जा घेऊन निघू शकतो. म्हणून मैदानावर वेग मोजताना ज्या छर्र्याने खेळणार त्यानेच, आणि हॉप लावूनच मोजावं. ०.२० ने मोजून ०.२८ ने खेळणारा नकळत कायद्याची रेषा ओलांडू शकतो.

हॉपलाही मर्यादा आहे, हे विसरू नये. फुगवट्याखालून छर्रा निमिषभरच जातो, त्यात रबर त्याला ठरावीकच फिरवू शकतं. काही हौशी खेळाडू खिडकी पूर्ण भरेल असा लांबट रबराचा तुकडा बसवतात, म्हणजे घासण्याची लांबी वाढते आणि जड छर्राही उचलला जातो. काम नाजूक आहे, चुकलं तर नळी फुकट जाते. माझ्या मते एक ज्यूलच्या आतल्या बंदुकीला त्याची गरज नाही. ०.२५ आणि स्वच्छ रबर यांत पन्नास मीटरच्या ताटलीपर्यंत पोचता येतं, नेमाने वाजवणं मात्र चाळीसपर्यंतच.

माझ्या बंदुकीच्या दस्त्यावर आता पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला आहे. त्यावर मार्करने लिहिलंय: ०.२५ उन्हाळा, नऊ खटके. ०.२५ जानेवारी, अकरा. ०.२८, बारा. ०.२० ची ओळ मी खोडून टाकली आहे.